ब्लूटूथ कीबोर्ड दर वेळी पुन्हा पेअर करावा लागतो? किल्ली कुठे हरवते ते आधी शोधा

एक कीबोर्ड तीन उपकरणांवर वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. काल सगळं नीट चालत होतं, आज टॅबलेटवरून लॅपटॉपवर आलो तर जोडतच नाही. यादीत नाव दिसतंय, त्यावर क्लिक केलं की थोडा वेळ फिरतं आणि थांबतं. शेवटी नाव काढून टाकायचं, कीबोर्ड पुन्हा पेअर करायचा, की चालू. चार दिवस बरे जातात आणि मग तेच दुसऱ्या उपकरणावर सुरू होतं.

मी या चक्रात जवळजवळ दोन महिने होतो. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. घाईघाईत केलेलं पुन्हा पेअरिंग हेच बऱ्याचदा पुढच्या बिघाडाचं कारण असतं. आज इथे पेअर करताना आपण दुसरीकडची जोडणी मोडून ठेवतो, आणि ते कळतं थेट चार दिवसांनी. म्हणून पुढच्या वेळी कीबोर्ड जोडला नाही, तर पेअरिंगच्या बटणाकडे हात नेण्याआधी पाच मिनिटं द्या आणि नेमकं काय हरवलंय ते बघा.

पेअर होतं म्हणजे नेमकं काय होतं

पहिल्यांदा पेअर करताना कीबोर्ड आणि उपकरण मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात, 128 बिटांची. ती दोघांकडे साठवली जाते: कीबोर्डच्या मेमरीत एक प्रत, उपकरणात दुसरी. प्रत्येक जण ती समोरच्याच्या ब्लूटूथ पत्त्याच्या नावाने ठेवतो. हा पत्ता म्हणजे `D4:3A:2C:81:5E:10` असे सहा जोड. पुढे रोज जोडताना पेअरिंग होत नाही. दोघं फक्त पत्ता ओळखतात, आपापली किल्ली काढतात, आणि त्या सारख्या निघाल्या की टायपिंग सुरू. या सगळ्याला फार तर दोन-तीन सेकंद लागतात.

ज्या कीबोर्डवर 1, 2, 3 अशी चॅनेलची बटणं असतात, त्यात असे तीन कप्पे असतात. एका कप्प्यात एका उपकरणाची किल्ली. बटण दाबलं की कीबोर्ड चालू जोडणी सोडतो, दुसरा कप्पा उघडतो आणि त्या कप्प्यातल्या उपकरणाला उद्देशून "मी आलोय" असा संदेश हवेत सोडू लागतो. उपकरण तो ऐकतं आणि जोडून घेतं. म्हणजे बदल करायचं काम कीबोर्डवरून होतं. कीबोर्ड चॅनेल 1 वर असताना टॅबलेटच्या सेटिंगमध्ये त्याच्या नावावर कितीही टॅप केलं, तरी काही होणार नाही, कारण तो त्या वेळी टॅबलेटशी बोलतच नसतो. याला बिघाड समजून टॅबलेटवरून नाव काढून टाकणारे खूप जण आहेत, आणि नेमका तिथूनच खरा बिघाड सुरू होतो.

तुमच्या कीबोर्डवर चॅनेलची बटणं नसतील, `Fn` सोबत 1-2-3 दाबण्याचीही सोय नसेल, तर तो बहुधा एकाच उपकरणासाठी बनवलेला आहे. त्यात कप्पा एकच, दुसऱ्याशी पेअर केलं की पहिली किल्ली पुसली जाते. अशा कीबोर्डवर खाली दिलेलं काहीही केलं तरी सोय होणार नाही, ती मर्यादा हार्डवेअरची आहे.

थोडं दाबणं आणि धरून ठेवणं

एकच बटण दोन कामं करतं, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. चॅनेलचं बटण टिचकीसारखं दाबलं की कीबोर्ड त्या कप्प्यातल्या जुन्या उपकरणाकडे जातो. तेच बटण तीन-चार सेकंद धरून ठेवलं की तो कप्पा नव्या पेअरिंगसाठी उघडतो. पहिलं रोजचं काम, दुसरं फक्त पहिल्या दिवसाचं.

उपकरण लगेच जोडलं नाही की आपण काय करतो? बटण आणखी जोरात, आणखी वेळ दाबतो. लिफ्ट आली नाही की बटण दाबून धरतो तसंच. लॅपटॉप झोपेतून जागा व्हायला चार सेकंद घेत असतो, तेवढ्या वेळात आपलं बोट बटणावर रुतलेलं असतं आणि कीबोर्ड पेअरिंगमध्ये गेलेला असतो. काही कीबोर्ड नवं पेअरिंग पूर्ण होईपर्यंत जुनी किल्ली सांभाळतात, काही तिथल्या तिथे पुसतात.

कोणत्या अवस्थेत आहोत ते दिवा सांगतो. बहुतेक कीबोर्डवर दिवा भराभर लुकलुकत असेल तर तो पेअरिंगमध्ये आहे, सावकाश लुकलुकत असेल तर जुन्या उपकरणाला शोधतोय, आणि काही क्षण स्थिर राहून विझला तर जोडला गेला. आपल्या कीबोर्डचा वेग माहितीपत्रकात एकदा पडताळून घ्या, कारण ही खूण ओळखता आली की निम्मं निदान तिथेच होतं. चुकून भराभर लुकलुकायला लागलाच, तर घाबरून कशाशीही पेअर करू नका. कीबोर्डचा स्विच बंद करून दहा सेकंदांनी चालू करा आणि तेच बटण हलकेच दाबा. बऱ्याच वेळा जुनी जोडणी जिवंत सापडते.

जोडून सुटतो, की हाकच पोचत नाही?

आता मुख्य भाग. चॅनेल बरोबर आहे, बटण हलकेच दाबलंय, उपकरण जागं आहे, ब्लूटूथ चालू आहे, तरी जोडत नाही. इथे बिघाडाची दोन रूपं आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत.

पहिलं रूप: उपकरणावर क्षणभर `Connected` दिसतं आणि लगेच जातं. पुन्हा येतं, पुन्हा जातं. याचा अर्थ पत्ता जुळतोय, पण किल्ली जुळत नाही. एका बाजूने आपली प्रत टाकून दिली आहे किंवा बदलली आहे. कीबोर्ड फॅक्टरी रीसेट केला, किंवा त्याच कप्प्यात दुसरी किल्ली लिहिली गेली, की असं होतं.

दुसरं रूप: काहीच होत नाही. दिवा सावकाश लुकलुकतो, मिनिटभराने थकून विझतो. उपकरणावर हालचाल नाही, चूक झाल्याचा संदेशही नाही. इथे बहुधा पत्ताच बदललेला असतो. हे मला फार उशिरा कळलं. ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारे अनेक कीबोर्ड प्रत्येक कप्प्यासाठी वेगळा पत्ता वापरतात, आणि त्यातले काही तर प्रत्येक नव्या पेअरिंगला शेवटचा जोड एकाने वाढवतात. काल `10` होता, आज `11`. नाव तेच राहतं, म्हणून यादीत आपल्याला एकच कीबोर्ड दिसतो. पण उपकरण `10` ची वाट बघत बसलेलं असतं आणि हवेत हाक येते `11` कडून. त्याच्या दृष्टीने तो अनोळखी आहे, त्यामुळे ते दुर्लक्ष करतं. किल्ली तपासण्याची वेळच येत नाही.

लिनक्स असेल तर हा फरक डोळ्यांनी बघता येतो. एका टर्मिनलमध्ये हे चालू ठेवा आणि कीबोर्डचं चॅनेल बटण दाबा:

```
sudo btmon
```

भरपूर ओळी वाहतील, पण त्यातल्या थोड्याच आपल्या कामाच्या. `PIN or Key Missing (0x06)` दिसलं तर समोरच्याकडे किल्लीच नाही. `MIC Failure (0x3d)` दिसलं तर किल्ली दोघांकडे आहे, पण वेगवेगळी. `Connection Timeout (0x08)` असेल तर किल्लीचा प्रश्न नसून रेडिओचा आहे, म्हणजे अंतर, अडथळा किंवा बॅटरी. आणि आपल्या ओळखीच्या पत्त्याची एकही ओळ आली नाही, तर दुसऱ्या रूपाचा संशय घ्या.

विंडोज, मॅक किंवा फोनवर इतक्या सहज बघता येत नाही, पण जोडून सुटणं आणि काहीच न होणं हा फरक तिथेही डोळ्यांना दिसतो. तेवढा पुरेसा आहे.

एकदाच, पण दोन्हीकडून

दोन्ही रूपांवर उपाय एकच आहे, फक्त तो क्रमाने करावा लागतो. जिथे बिघडलंय ते एकच उपकरण आणि एकच चॅनेल घ्या, बाकीच्यांना हात लावू नका. आधी उपकरणावरून जुनं नाव काढा. विंडोज 11 मध्ये `Bluetooth & devices` मध्ये कीबोर्डच्या नावाशेजारचे तीन ठिपके आणि मग `Remove device`, आयपॅड आणि आयफोनवर नावाशेजारचा `i` आणि मग `Forget This Device`, अँड्रॉइडवर गिअरच्या चिन्हातून `Forget`. एकाच नावाच्या दोन-तीन नोंदी दिसल्या तर त्या सगळ्या काढा. त्या जुन्या पेअरिंगची भुतं आहेत, आणि कोणती खरी हे नावावरून ओळखता येत नाही. मग उपकरणाचं ब्लूटूथ बंद करून चालू करा.

आता बाकीच्या उपकरणांचं ब्लूटूथ थोडा वेळ बंद ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो. कीबोर्ड पेअरिंगमध्ये असताना तो आसपासच्या सगळ्यांना दिसतो, आणि टॅबलेटवर "जोडायचं का?" अशी खिडकी आली की हात आपोआप हो म्हणतो. चॅनेल 2 साठी उघडलेल्या कप्प्यात टॅबलेटची किल्ली अशीच जाऊन बसते.

मग त्या चॅनेलचं बटण धरून ठेवा, दिवा भराभर लुकलुकायला लागला की सोडा, आणि उपकरणावर नाव दिसलं की निवडा. सहा आकडी कोड आला तर तो त्याच कीबोर्डवर टाइप करून शेवटी `Enter` दाबा. टाइप करताना तो पडद्यावर उमटला नाही तरी टाइप करत राहा. `Enter` विसरलं की थोड्या वेळाने पेअरिंग फसतं आणि यादीत एक अर्धवट नोंद उरते. तसं झालं तर ती नोंद काढून पहिल्यापासून सुरू करा.

जोडलं की लगेच उठू नका. दुसऱ्या चॅनेलवर जा, परत या. कीबोर्ड बंद करून चालू करा. मग उपकरण रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा. या तिन्ही परीक्षांतून पार पडलं तरच किल्ली दोन्हीकडे पक्की बसली असं धरा.

माझ्याकडे खरं काय बिघडलं होतं

हे सगळं नीट करूनही माझं चक्र थांबत नव्हतं. माझी मांडणी अशी होती: चॅनेल 1 वर कामाचा लॅपटॉप, 2 वर टॅबलेट, 3 वर घरचा कॉम्प्युटर. पहिले दोन कधीच त्रास देत नव्हते. तिसरा मात्र आठवड्यातून दोनदा तरी पुन्हा पेअर करावा लागे. मी बॅटरी बदलली, कॉम्प्युटरचा ब्लूटूथ डोंगल बदलला, कीबोर्डलाच दोष देऊन नवा घ्यायच्या विचारात होतो.

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. मी त्याला एक यंत्र समजत होतो. कीबोर्डच्या बाजूने बघितलं तर ते एक नाही. किल्ली ब्लूटूथच्या चिपमध्ये राहत नाही, ती ऑपरेटिंग सिस्टिममध्ये राहते. लिनक्स ती `/var/lib/bluetooth` मध्ये ठेवतं, विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, आणि दोघांना एकमेकांच्या नोंदींचा पत्ताच नसतो. मी लिनक्समध्ये पेअर केलं की चॅनेल 3 च्या कप्प्यात लिनक्सची किल्ली. शनिवारी विंडोज चालू केलं, जोडलं नाही, म्हणून तिथे पेअर केलं, की त्याच कप्प्यात विंडोजची किल्ली आणि लिनक्सची गेली. सोमवारी लिनक्स उघडलं, की तक्रार तयार. बिघाड कसलाच नव्हता, एका कप्प्यात दोन भाडेकरू होते.

हे कसं पक्कं केलं ते दाखवतो. विंडोजमध्ये पेअर केल्यानंतर मी लिनक्स चालू केलं आणि हे विचारलं:

```
bluetoothctl devices Paired
bluetoothctl info D4:3A:2C:81:5E:10
```

जुन्या आवृत्तीत पहिल्या ओळीऐवजी `bluetoothctl paired-devices` चालतं. उत्तरात `Paired: yes` आणि `Connected: no`. लिनक्सच्या समजुतीने सगळं ठीक होतं. मग चॅनेल 3 चं बटण दाबून `btmon` बघितलं, तर `10` वर संपणाऱ्या पत्त्याची एकही ओळ नाही. शेवटी कीबोर्ड मुद्दाम पेअरिंगमध्ये टाकून `bluetoothctl` मध्ये `scan on` केलं, तेव्हा तोच कीबोर्ड, तेच नाव, पण पत्ता `12` वर संपणारा. `11` त्या शनिवारी विंडोजमध्ये गेला होता, आणि आता पेअरिंगमध्ये टाकल्यावर तो आणखी एकाने सरकला होता. दोन महिन्यांचं कोडं त्या दोन अंकांत सुटलं.

उपाय सरळ होता: विंडोजला एक चॅनेल, लिनक्सला वेगळं चॅनेल. पण मग चार सिस्टिम झाल्या आणि कप्पे तीनच. मला टॅबलेट सोडावा लागला. त्यावर मी टाइप करत होतो आठवड्यातून एकदा, आणि घरच्या कॉम्प्युटरवर रोज, त्यामुळे निर्णय अवघड नव्हता. तुमच्या कीबोर्डला यूएसबी रिसीव्हर असेल किंवा तो केबलवरही चालत असेल, तर तो आयता चौथा कप्पा समजा आणि एका जागी ठेवलेल्या कॉम्प्युटरला तो द्या. रिसीव्हरची जोडणी कॉम्प्युटरच्या ब्लूटूथमधून जातच नाही, त्यामुळे त्या कॉम्प्युटरवर कितीही सिस्टिम असल्या तरी फरक पडत नाही. आज मी सुरुवात करत असतो तर हेच केलं असतं.

किल्लीची नक्कल करून दोन्ही सिस्टिममध्ये एकच ठेवण्याचाही एक मार्ग आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीतून किल्ली काढून लिनक्सच्या `info` फाइलमध्ये भरायची. जुन्या प्रकारच्या ब्लूटूथवर तो जमण्यासारखा आहे, कारण तिथे एकच किल्ली उचलायची असते. लो एनर्जीवर मात्र एकापेक्षा जास्त मूल्यं हलवावी लागतात, शिवाय पत्ता बदलणारा कीबोर्ड असेल तर फोल्डरचं नावही बदलावं लागतं. ते करून झालं तरी पुढच्या एका पेअरिंगमध्ये सगळं पाण्यात जातं. एक चॅनेल मोकळं करता येत असेल तर या वाटेला जाऊ नका.

लिनक्सवर नवं चॅनेल जोडताना एक पाऊल नेहमी राहून जातं. पेअर करणं आणि विश्वास ठेवणं या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. `bluetoothctl` मध्ये `scan on` करून जो नवा पत्ता दिसेल तो घालून हे तिथेच चालवा:

```
pair D4:3A:2C:81:5E:13
trust D4:3A:2C:81:5E:13
connect D4:3A:2C:81:5E:13
```

`info` मध्ये `Trusted: no` राहिलं तर कीबोर्ड आज चालेल, पण रीस्टार्टनंतर आपण होऊन जोडला जाईलच असं नाही. मग पुन्हा पेअरिंग तुटल्यासारखं वाटतं, जेव्हा किल्ली जागेवरच असते. जुनी `10` वाली नोंद `remove` ने काढून टाका, म्हणजे पुढच्या वेळी दोन सारख्या नावांमध्ये गोंधळ होणार नाही.

दोन्ही सिस्टिमना वेगळं चॅनेल दिल्यावर एक पथ्य पाळावं लागतं: विंडोज चालू असताना लिनक्सच्या चॅनेलवर कीबोर्ड नेऊन "जोडत नाही" म्हणत धरून दाबू नका. तो लिनक्सला हाक मारतोय, आणि लिनक्स त्या वेळी बंद आहे. मी बटणांवर लहान चिकटपट्ट्या लावल्या आहेत, `वि` आणि `लि`. घरातल्या बाकीच्यांचीही त्यामुळे सोय झाली.

किल्ली शाबूत, तरी खोळंबा

काही वेळा सगळं बरोबर असतं आणि फक्त वेळ जुळत नाही. उपकरण झोपेत असेल तर आधी ते जागं करा, मग चॅनेल बदला. उलट क्रमाने केलं की कीबोर्ड हाका मारून थकतो आणि उपकरण जागं होईपर्यंत गप्प झालेला असतो. विंडोज लॅपटॉपवर झोपेनंतर दर वेळी असं होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या `Power Management` टॅबवर `Allow the computer to turn off this device to save power` ही खूण काढून बघा. तो टॅब सगळ्या लॅपटॉपवर दिसतोच असं नाही.

जोडल्यानंतरची पहिली दोन-तीन अक्षरं गळतात, तो दोष नाही. दिवा स्थिर होईपर्यंत थांबा आणि पहिलं बटण `Shift` दाबा, कारण ते गळलं तरी काही बिघडत नाही आणि लागलं तरी काही उमटत नाही. पासवर्ड टाइप करण्याआधी ही सवय विशेष उपयोगी आहे. चॅनेल बदलल्याचं आपल्याला वाटतं आणि कीबोर्ड अजून जुन्याच उपकरणावर असतो, मग पासवर्ड तिथल्या उघड्या चॅटमध्ये जाऊन पडतो. तसंच, दुसरं कुठलंही बटण दाबलेलं असताना चॅनेल बदलू नका. ते सोडल्याचा निरोप जुन्या उपकरणापर्यंत पोचत नाही आणि तिथे एकच अक्षर ओळभर उमटत राहतं.

ब्लूटूथ डोंगल वापरत असाल तर दोन गोष्टी. डोंगल बदलला की अडॅप्टरचा पत्ता बदलतो, त्यामुळे त्या कॉम्प्युटरवरची सगळी पेअरिंग नव्याने करावी लागतात. माझा डोंगल बदलणं म्हणूनच निदानाच्या दृष्टीने घातक ठरलं, खरं कारण आणखी झाकलं गेलं. आणि यूएसबी 3 च्या पोर्टमध्ये शेजारी हार्ड डिस्क चालू असेल तर तिचा रेडिओ गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, जिथे ब्लूटूथ बोलतं. फाइल कॉपी होत असतानाच कीबोर्ड सुटत असेल तर डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने अर्धा मीटर लांब न्या.

चॅनेल बदलल्यावर `@` भलत्याच बटणावर गेलं किंवा मराठी टाइप होत नाही, तर तो जोडणीचा प्रश्न नाही. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, फक्त कोणतं बटण दाबलं त्याचा क्रमांक पाठवतो. त्याचा `क` करायचा की `k`, हे उपकरण ठरवतं. म्हणून इनस्क्रिप्ट किंवा जो काही लेआउट तुम्ही वापरता, तो प्रत्येक उपकरणावर वेगळा जोडावा लागतो, आणि कीबोर्डला त्यासाठी पुन्हा पेअर करण्याचा काही उपयोग नाही.

एक साधा तारेचा कीबोर्ड मात्र खणात राहू द्या. सुरू होताना सिस्टिम निवडायचा पडदा, बायोस, एन्क्रिप्टेड डिस्कचा पासवर्ड, या जागी बहुतेक कॉम्प्युटरचं ब्लूटूथ अजून उठलेलं नसतं. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज की लिनक्स हे मी आजही तारेच्या कीबोर्डनेच निवडतो, आणि मग `वि` किंवा `लि` दाबतो.